अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण

माझ्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायचं ते परीक्षेच्या पेपरात, एवढंच मला ठाऊक. त्यामुळे आपल्या आठवणी कुणी वाचाव्यात असं वाटणं हा आगाऊपणाच आहे. त्याबद्दल आधीच माफी मागतो.

अमरावतीच्या होस्टेलवर माझ्या खोलीत एक सीनियर होता, अकोल्याचा. जन्मापासून त्याला दिसत नव्हतं. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता आणि वयाच्या अटीत बसणारी ही त्याची शेवटची परीक्षा होती. राज्यव्यवस्थेचं एक जाडजूड मराठी पुस्तक त्याला हवं होतं. मोबाइल स्कॅन केलेली पानं वाचून दाखवायचा, पण जोडाक्षरांचा पार भुगा करायचा. मी म्हटलं, मी वाचतो, तू रेकॉर्डिंग ऐक.

आमच्या विभागात रेकॉर्डिंगची लहानशी खोली होती. टेबलावर लॅपटॉप, त्याला यूएसबीनं जोडलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपात नेणारी डबी, आणि स्टँडवर एक चांगला कंडेन्सर माइक. इंटरफेसवर ‘४८ व्ही’ लिहिलेलं बटण होतं आणि त्याच्यावर चिठ्ठी चिकटवलेली: ‘हात लावू नये.’ मी लावला नाही. माइकमधून आवाज येईना, तेव्हा तो बिघडलाय असं समजून मी गॅदरिंगचा, हातात धरून बोलायचा डायनॅमिक माइक आणून जोडला. त्यातून आवाज आला, पण बारीक. मी गेनचं, म्हणजे आवाज वाढवायचं, बटण शेवटपर्यंत फिरवलं.

बारीक येण्यात माझाही हात होता. तिवश्याकडची माझी गावरान बोली माइकला कळेल की काय, अशी भीती वाटायची. मी हातभर लांब बसून हळू वाचायचो.

पहिली प्रकरणं ऐकून तो हसला. “काहून बे, कढईत भजे टाकून वाचून रायला का?”

“थोडी खरखर आहे दादा.”

“थोडी? मी डबल स्पीडनं ऐकतो लेका. तुहा आवाज पयते आन् थे खरखर त्याच्या मांगं लागते. जरासा जवळ बस ना माइकच्या. तो का चावते तुले?”

मी जवळ बसलो नाही. त्याऐवजी लॅपटॉपवर खरखर पुसण्याची सोय शोधली. खरखर गेली, पण शब्दांची टोकंही तिच्याबरोबर गेली.

“आता पाण्यातून बोलून रायला,” तो म्हणाला. मी लॅपटॉप जरा जोरातच मिटला, तो त्यानं ऐकला. “चालते बे. वाच तू.”

मी पुस्तक संपवलं. परीक्षा देऊन तो अकोल्याला गेला.

नंतर एकदा आमच्या विभागाच्या मॅडम त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत आल्या. डायनॅमिक माइक पाहून म्हणाल्या, “हा कशाला लावलास?”

मी चिठ्ठी दाखवली.

“अरे, ती मीच लावली. पोरं बटण चालू असतानाच वायर उपटायची, स्पीकरमधून धाडकन आवाज यायचा. वापरायचंच नाही असं कुठे म्हटलंय? त्या बटणातून वीज मिळाल्याशिवाय हा कंडेन्सर चालणार कसा? मला विचारायचंस तरी.”

त्यांनी गेन शून्यावर आणला, कंडेन्सर जोडला, बटण दाबलं. लाल दिवा लागला. काही क्षण थांबून म्हणाल्या, “आता वाच. लाजू नकोस, वर्गात मोठ्यानं वाचतात तसं.” माझं तोंड माइकपासून वीतभर अंतरावर आणलं, पंखा बंद केला, आणि मी वाचत असताना गेन हळूहळू वाढवला. माझा सगळ्यात मोठा आवाज लॅपटॉपवरच्या मीटरमध्ये उणे बारा डेसिबलच्या आसपास पोचला, तिथे हात काढला. गेनचं बटण अर्ध्यावरही गेलं नव्हतं.

हेडफोनमध्ये मी थांबलो की काहीच ऐकू येत नव्हतं. ती शांतता ऐकून मला रडू आलं.

मी अख्खं पुस्तक पुन्हा वाचलं. दादाला लिंक पाठवली. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. निकालाचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मध्ये बराच काळ गेला. मग एका मुलीचा फोन आला, अकोल्याहून. तिलाही दिसत नव्हतं.

“दादा, तुमीच ना राज्यव्यवस्था वाचणारे? आवाज ओळखला मी. मी पास झाली. फुलांच्या दुकानातल्या दादानं दिलं मले तुमचं रेकॉर्डिंग.”

“दादा दुकानात बसतो?”

“हो, घरचंच हाये. त्याईचं नाई झालं ना. राज्यव्यवस्थेच्या पेपरातच रायले.” मग ती सहज म्हणाली, “तुमचं पयलं रेकॉर्डिंग त्याईच्यानं तिसऱ्या धड्याच्या पुढं ऐकवलंच नाई म्हणे. डोकं दुखे. पण हे दुसरं, म्हणे, पुरं ऐकलं. दोनदा.”