विनीत सरांची यादी

वेदिका घाणेकर पाच वर्षं एकाच माणसावर डूख धरून होती, आणि तिला त्याची जराही लाज वाटत नसे. त्या माणसाचं नाव विनीत साळवी. मारुती मंदिराजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा क्लास, आणि अभियांत्रिकीच्या पोरांना ते प्रमाणपत्रं वाटत. वाटत म्हणजे अक्षरशः वाटत. दोन दिवसांचं सत्र, शेवटी फोटो, आणि हातात सोनेरी किनारीचा जाड कागद.

वेदिका मंडणगडकडची. कॉम्प्युटरला शेवटच्या वर्षाला असताना तिने सरांच्या सांगण्यावरून चौदा कागद जमवले होते. सिक्स सिग्मा, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, डिजिटल मार्केटिंग, डेटा सायन्स, काय काय. ज्या दोन महिन्यांत गणितं, तर्क आणि कोडिंगचा सराव करायचा, ते दोन महिने त्यात गेले. दोन कंपन्यांच्या ऑनलाइन परीक्षेतच ती बाहेर पडली. तिसरीच्या मुलाखतीत साहेबांनी तिची जाडजूड फाईल उलटसुलट केली आणि विचारलं, "डेटा सायन्स केलंयस ना? मग सरासरी आणि मध्यक यात फरक काय, आणि पगाराच्या आकड्यांना कुठला वापरशील?" वेदिकाने दोन्हींची एकच व्याख्या सांगितली. साहेबांनी फाईल मिटली.

ती रडत सरांकडे गेली. नव्या पोरांनी भरलेल्या वर्गात सर म्हणाले, "तुझ्यातच दम नाही गो. मंडणगडच्या रानातनं उठून आलीस नि आमच्या क्लासला नावं ठेवतेस?" पोरं हसली. ते हसणं तिच्या कानातून गेलंच नाही.

पुढची दोन वर्षं तिने एका मोबाइलच्या दुकानात काढली. मग कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात साहाय्यक म्हणून जागा निघाली, ती मिळाली. तिथे ती अर्ज तपासायची, कंपनीच्या लोकांना चहा द्यायची, मुलाखतीच्या दाराशी यादी घेऊन बसायची. बसल्या बसल्या तिला कळत गेलं, कोण आत जातं आणि कुठला कागद कोणीच वाचत नाही. आधी टक्के बघतात आणि राहिलेला विषय बघतात, मग ऑनलाइन परीक्षा. प्रमाणपत्राची पाळी येते ती मुलाखतीत, आणि तीही त्याबद्दल चार वाक्यं सांगता आली तरच.

जूनच्या शेवटी एक मुलगी दारात आली. केस घट्ट बांधलेले, हातात वही. "मॅडम, मी आर्या साळवी. शेवटच्या वर्षाला आलेय. कंपन्या ऑगस्टात येणार म्हणतात. त्याच्या आत कुठली प्रमाणपत्रं करू, नि कुठली राहू देत?"

साळवी. वेदिकाने संगणकावर तिचा अर्ज उघडला. वडिलांचं नाव विनीत. पत्ता मारुती मंदिराजवळचा.

वेदिकाला आतून उकळी फुटली. देव कधीकधी माणसाचं ऐकतो, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. तिने कागद ओढला आणि भरभर लिहीत गेली. सिक्स सिग्मा, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, डिजिटल मार्केटिंग, डेटा सायन्स. चौदाच्या चौदा, एकही न विसरता. जसं माझं केलंस तसं तुझ्या पोरीचं होऊ दे. बसू दे तिला परीक्षेत शून्यावर, मग घरी जाऊन बापाला सांगू दे.

आर्याने कागद वाचला आणि मान खाली घातली.

"मॅडम, ही यादी बाबांकडे आहेच. मी तीच करत होते. दोन दिवसांत संपतं, पण मला काही येत नाही त्यातलं. घरी बोलायची सोय नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले."

वेदिकाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाच वर्षांपूर्वी हाच चेहरा घेऊन ती स्वतः फिरत होती. हिला बुडवून सरांचं काय जाणार होतं? ते हिलाही म्हणतील, तुझ्यातच दम नाही. म्हणजे पुन्हा त्यांचंच खरं. तिला स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त सरांचा. तिने कागद परत घेतला आणि फाडला.

"बस," ती म्हणाली. "जानेवारीच्या सत्रात कुठला ऑनलाइन कोर्स केलायस?"

"एनपीटीईएलवर आयआयटीच्या सरांचा डेटाबेसचा कोर्स. एप्रिलात केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. पास झाले."

"मग तो कागद सोन्यासारखा आहे. जुलैचा नवा कोर्स घेऊ नकोस, त्याची परीक्षा होईपर्यंत कंपन्या येऊन गेलेल्या असतील. आता एकच कर. क्लाउडचं सगळ्यात पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र. रोज दोन तास दिलेस तर चार-पाच आठवडे. आणि डेटाबेसवरचा तुझा एखादा प्रोजेक्ट क्लाउडवर चढव. म्हणजे विचारलं की दाखवता येईल."

"आणि बाकीची?"

"प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं जे खरं, ते तीन वर्षं काम सांभाळल्याशिवाय देतच नाहीत. क्लाउडची वरची पायरी नोकरी लागल्यावर बघ, पुष्कळदा कंपनीच करवून घेते. नेटवर्किंगचं, तुला त्यातच जायचं असेल तर. सिक्स सिग्मा म्हणजे कारखान्यातल्या चुका कमी करायचं तंत्र, ते तुला आत्ता काय करायचंय? उरलेला सगळा वेळ गणितं, तर्क, कोडिंग. रोज. समजलं?"

"बाबा विचारतील."

"विचारू देत."

एवढ्यावर वेदिका थांबली नाही. तिने प्लेसमेंट विभागाच्या प्रमुखांकडून एक सूचना काढून घेतली. जे प्रमाणपत्र विद्यार्थ्याला दहा मिनिटं समजावून सांगता येईल, तेवढंच अर्जात लिहायचं. सगळ्यांनाच लागू. दर शनिवारी ती एकेकाला समोर बसवी आणि उभंआडवं विचारी. महिनाभरात विनीत सरांचे सोनेरी कागद एकेक करून गळून पडले. त्यांची किनार कुणाच्या अर्जात उरली नाही. वेदिकाला तेव्हा रात्री छान झोप लागे.

ऑगस्टात आर्याची निवड झाली. मुलाखतीत तिने प्रोजेक्ट उघडून दाखवला आणि विचारलेलं सगळं सांगितलं.

तिसऱ्याच दिवशी मारुती मंदिराच्या चौकात मोठं बॅनर लागलं. आर्याचा हसरा फोटो, वर 'आमच्या क्लासची विद्यार्थिनी', खाली चौदा प्रमाणपत्रांची यादी. वेदिकाच्या टेबलाशी खालच्या वर्गातली पोरं रांग लावून उभी. "मॅडम, हा क्लास लावू?" तिने आर्याला बोलावून विचारलं, आणि तिच्या परवानगीने तिचा खरा अर्ज फलकावर लावला. त्यात दोनच प्रमाणपत्रं, एक प्रोजेक्ट.

दुसऱ्या दिवशी विनीत सर आले. त्यांनी तिला ओळखलं नाही. अजिबात नाही.

"मॅडम, तुमचं मार्गदर्शन उत्तम," ते हसून म्हणाले. "आर्याच्या अर्जात आमच्या क्लासचं एक तरी नाव राहू दे ना. नाहीतर लोक काय म्हणतील? रविवारी आमच्याकडे शिकवायलाही या तुम्ही."

पाच वर्षं जी माणूस म्हणून लक्षात राहिली नव्हती, ती आता मॅडम झाली होती. वेदिकाने खुर्ची मागे सरकवली.

"येते की. पण पोरांसमोर त्यांची प्रमाणपत्रं उघडून आधी तुम्हाला विचारीन. डेटा सायन्सपासून सुरू करू. चालेल?"

सरांचं हसू तिथल्या तिथे उतरलं. "माझीच पोर माझ्याविरुद्ध फोडलीत तुम्ही."

"तीच आली होती, सर. घरी विचारायची सोय नव्हती म्हणून."

सर उठले आणि गेले.

संध्याकाळी घरी जाताना वेदिकाने चौकात स्कूटर थांबवली. सर शिडीवर चढून स्वतःच्या हाताने बॅनर सोडवत होते, आणि खाली आर्या शिडी धरून उभी होती. एका बाजूची दोरी सुटली आणि पोरीचा फोटो सरांच्या अंगावर कोसळला. येणारेजाणारे थांबून बघू लागले. वेदिकाही बघत राहिली, चारही दोऱ्या सुटेपर्यंत. मग तिने स्कूटर चालू केली.