रिमोट, वहिनी आणि मी फोटोत

तमाम भाऊबंदांनी हातातली कामं बाजूला ठेवून ऐकावं, बाब गंभीर आहे: आमच्या घराण्याच्या एका फोटोत मी आहे!

ज्यांना यात काय विशेष असं वाटतं, त्यांनी आमच्या घरचे फोटो पाहिलेले नाहीत. लग्नं, बारशी, जेवणावळी, सगळीकडे कॅमेरा माझ्या हातात. त्यामुळे पोरांच्या मते मी बहुतेक परगावीच असतो. टायमर लावून पाहिला, तर दहा सेकंदांत पळत येताना प्रत्येक वेळी माझी फक्त पाठ निघाली.

महाळुंगे पडवळला थोरल्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा आणे गावाहून आमचे चुलते आले. ऐंशी पार केलेले, आवाज मात्र खणखणीत. जेवण झाल्यावर त्यांनी ओट्यावर बैठक मारली आणि फर्मान काढलं, "सगळ्यांचा एक फोटू पाहिजे. एक माणूस कमी असलं तर मी न्हाई बसायचा. आन् चारची एस.टी. हाय, ध्यानात ठेवा."

मी हसलो. खिशातून बोटभर लांबीचा ब्लूटूथ रिमोट काढला आणि जादूगारासारखा हवेत फिरवला. परवाच वहिनीबरोबर सामान आणायला नारायणगावला गेलो होतो, तेव्हा घेतलेला. शिडीच्या पायरीवर फोनची छोटी तिपाई, तिपाईवर माझा फोन. सगळे ओट्यावर चढले. वहिनी तेवढी स्वयंपाकघरात. चुलत्यांबरोबर बांधून द्यायच्या मासवडीची शेवटची खेप तव्यावर होती आणि शेजारी तिच्या फोनवर मालिका चालू होती.

रिमोटचं बटण दाबलं. काही नाही. फोनच्या ब्लूटूथ यादीत पाहिलं, तर शेजाऱ्याचा टीव्ही होता, रिमोट नव्हता.

"बंद करून चालू कर," भाऊ म्हणाला. केलं. "फोन बंद कर." तोही केला. मेहुण्याने आपल्या गाडीच्या चावीतला गोल सेल काढून दिला. तो त्याच मापाचा निघाला. तरी यादीत शेजाऱ्याचा टीव्हीच. रिमोटचा निळा दिवा काही लुकलुकत राहीना, बटण दाबलं की एकदाच डोळा मारायचा आणि गप्प.

"साडेतीन झालं," चुलते म्हणाले. "पोरा, तुझं यंत्र जेवलंय का?"

"तुमी जाऊ द्या हो भाऊजी," वहिनी आतून ओरडली, "काढा नेहमीसारखा!"

नेहमीसारखा, म्हणजे माझ्याविना. आणि माझ्याविना म्हणजे चुलते बसणार नाहीत. मी चिडून बटण दाबत सुटलो. आणि आतून मालिकेतल्या सासूचं रडणं वाढलं. पुन्हा दाबलं, आणखी वाढलं. पुढच्या दोन दाबांत सासूने अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला, "हाय राम, मैं लुट गयी!"

"कोण आवाज वाढवतंय माझ्या फोनचा?" हातात उलथणं घेऊन वहिनी दारात.

मी सावकाश, तिच्याकडे पाहत, बटण आणखी एकदा दाबलं. सासू आणखी रडली. ओट्यावरच्या पोरी हसून लोळायला लागल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दुकानात माझा फोन चार्जिंगअभावी बंद पडला होता. दुकानदाराने रिमोट वहिनीच्या फोनला जोडून दाखवला होता आणि मी "वा!" म्हणून खिशात टाकला होता. रिमोट बिचारा सुरू झाला की इमानाने ओळखीच्या फोनला चिकटत होता. त्याला एकच काम येतं, फोनचं आवाज वाढवायचं बटण लांबून दाबणं. कॅमेरा उघडा असेल तर फोटो निघतो, मालिका चालू असेल तर सासू रडते. एकाशी जोडलेला असताना तो दुसऱ्याच्या यादीत कशाला येईल?

"म्हंजी इतका वेळ मीच व्हते व्हय मध्ये?" वहिनी म्हणाली.

तिच्या फोनच्या यादीतून रिमोट काढून टाकला, ब्लूटूथही बंद केलं. रिमोट बंद करून चालू केला. दिवा लुकलुकायला लागला, माझ्या यादीत नाव आलं, जोडलं गेलं. कॅमेरा उघडून ओट्यावरून बटण दाबलं, तर फोटो निघायच्या ऐवजी पडद्यावर चुलत्यांचं नाक मोठं होत गेलं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बटण झूमला लावलेलं होतं; ते फोटोला लावलं.

चारला दहा मिनिटं कमी. वहिनी गॅस बंद करून धावत आली, मी चुलत्यांच्या शेजारी बसलो आणि मूठ पाठीमागे धरली. सगळे समोर बघत होते. चुलत्यांनी मान वळवून ओट्यावरची माणसं मोजली, मला मोजलं, मग समोर शिडीकडे पाहिलं आणि बोट बटणावर पडतंय तोच ओरडले,

"अरं थांबा! फोटू काढणाऱ्याला कुणी बोलवा की फोटूत!"