जोड तीन मीटरवर होता

धारकडच्या बदनावर गावातल्या गोदामातून फोन आला तो एका दरवाजासाठी. खालच्या केबिनचा लाकडी दरवाजा चौकटीत अडकतो, आठवड्यापूर्वी सुताराकडून रंधा मारून घेतला तरी पुन्हा अडकायला लागला, एवढीच तक्रार होती. मालक म्हणाले, "मॅडम, एक बार आके देख लो. सुतार बोलता है दरवाजा ठीक है, ऊपर से कुछ दब रहा है."

मी देवासला राहते. वडील सांगलीकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर झाले ती धारच्या एका सरांमुळे. ते आमच्या कॉलेजात शिकवायचे. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या धारचं, संस्थानच्या काळापासूनचं. घरात अजून जुन्या वळणाचं मराठी बोलायचे, 'आलात का', 'बसावे' असं. निवृत्तीनंतर ते आसपासच्या गोदामांची, जिनिंगच्या शेडची डिझाइनं करून द्यायचे. बदनावरचं हे गोदामही त्यांचंच होतं. मालकांनी आधी त्यांनाच फोन केला होता. गुडघ्यांमुळे सरांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून त्यांनी माझं नाव सांगितलं.

सकाळी अकराच्या सुमारास पोचले. सोयाबीनचा धुळकट वास, पत्र्यावर कबुतरं. आत एक माळा होता, लोखंडी गर्डरवर फळ्या टाकलेला. माळ्याखाली तीन बायका पसरलेल्या ताडपत्रीवर चाळण्या घेऊन दाणे साफ करत बसल्या होत्या. त्यांच्या बाजूलाच ती केबिन. मी दरवाजाकडे पाहिलं, मग वर पाहिलं. चौकटीची वरची पट्टी आणि गर्डरची खालची बाजू यांत बोटभर फट असायला हवी होती. तिथे आता कागद जात नव्हता.

"पहिल्यापासून असंच होतं का?" मी विचारलं.

तिथला मुकादम नकारार्थी मान हलवत म्हणाला, "नी मॅडम. जबसे बोरे इधर किए, तबसे."

वर चढून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. माळ्याच्या फाटकापासून लांबच्या अर्ध्या भागावर छत गळत होतं, म्हणून तिकडची सगळी पोती उचलून फाटकाकडच्या अर्ध्या भागात रचली होती. पूर्वी जिथे दोन थर होते तिथे आता चार. दुसरा अर्धा भाग झाडून रिकामा. फळीवरून चालताना ती दबत होती असं नाही, पण पावलाखाली एक बारीक कुरकुर यायची आणि पाऊल उचललं तरी ती क्षणभर रेंगाळायची.

मालकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. सरांचं पत्र होतं. पोती हलवण्याआधी त्यांनी सरांना फोनवर विचारलं होतं, आणि सरांनी लिहून दिलं होतं: प्रत्येक गर्डरवर एकूण वजन पूर्वीइतकंच, आठ टन, राहणार आहे, मध्यावरचा बेंडिंग मोमेंट बदलत नाही, हरकत नाही. खाली त्यांची ती सुबक, तिरपी सही.

मी खाली उतरून टेप लावला. गर्डर आठ मीटर लांब, दोन्ही टोकांना भिंतीत टेकलेला. मग बोटाने चाचपत गेले. गर्डर अखंड नव्हता. एक तीन मीटरचा आणि एक पाच मीटरचा तुकडा वेल्डिंगने जोडलेला होता. माळ्याखाली असे पाच गर्डर होते, आणि पाचहींचा जोड एकाच जागी, फाटकाकडच्या भिंतीपासून तीन मीटरवर. रंग जोडावर जरा फुगला होता आणि त्यातून तपकिरी रेघ उतरली होती.

मी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून आकृती काढली. हे सरांनीच शिकवलं होतं, आणि ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांनाही समजेल इतकं ते सोपं आहे. आठ टन वजन फाटकाकडच्या चार मीटरमध्ये, म्हणजे दर मीटरला दोन टन. ते एका बाजूला झुकलेलं असल्यामुळे फाटकाकडची भिंत सहा टन पेलते आणि लांबची दोन. आता फाटकाकडून चालायला लागा. शिअर म्हणजे भिंतीने वर दिलेल्या जोरातून आतापर्यंत ओलांडलेलं वजन वजा केल्यावर जे उरतं ते. सहापासून सुरू होतो आणि दर मीटरला दोनने उतरतो. शिअरच्या रेषेचा उतार म्हणजेच तिथलं वजन. एका मीटरवर चार, दोनवर दोन, तीनवर शून्य. चारवर उणे दोन. तिथून पुढे वजनच नाही, म्हणून रेषा आडवी, थेट लांबच्या भिंतीपर्यंत.

बेंडिंग मोमेंट म्हणजे गर्डरला वाकवणारा जोर; तो या शिअरवरूनच निघतो. त्याचा उतार म्हणजे शिअर. शिअर जोपर्यंत अधिक आहे तोपर्यंत मोमेंट वाढत राहतो, शिअर शून्य झाला की वाढ थांबते, उणे झाला की उतरायला लागतो. म्हणून तो सर्वांत मोठा तिथे, जिथे शिअर शून्याला ओलांडतो. किती मोठा, तर तोवरच्या शिअरच्या आकृतीचं क्षेत्रफळ: सहा उंच, तीन लांब त्रिकोण, नऊ टन-मीटर. पुढच्या एका मीटरात उणे बाजूचा छोटा त्रिकोण एक वजा करतो, म्हणून मध्यावर आठ. मग दोन उंच, चार लांब आयत ते आठही संपवतो आणि लांबच्या भिंतीवर शून्य. हिशेब जुळला.

मध्यावर आठ. पोती सगळीकडे पसरलेली असतानाही मध्यावर आठच येत होता. सरांचं पत्र त्या अर्थाने खरं होतं. फक्त तेव्हा मध्य हीच सर्वांत मोठी जागा होती आणि जोडावर साडेसात येत होता. आता मध्य ती जागा राहिली नव्हती. माळ्याचं स्वतःचं वजन धरलं तरी शून्याची जागा वीतभरसुद्धा सरकत नव्हती.

मी पुन्हा गणित केलं. मग तिसऱ्यांदा. आत बायकांपैकी एक कशाला तरी हसली आणि चाळण्यांचा आवाज चालूच राहिला.

आधी त्यांना बाहेर काढलं. "क्या हुआ?" एकीने विचारलं. मी म्हणाले, "काही नाही, ताई, थोडा वेळ बाहेर बसा." काही नाही म्हणताना माझा आवाज मलाच खोटा वाटला.

मग सरांना फोन केला.

"सर, पोती अर्ध्या माळ्यावर आणलीत."

"हो, मी पत्र दिलेय ना. मध्यावर आठच येतो."

"मध्यावर आठच येतो सर. पण सर्वांत मोठा मध्यावर येत नाहीये."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं, "शिअर कुठे शून्य होतो?"

"तीन मीटरवर."

"आणि जोड?"

"तीन मीटरवर, सर."

गोदाम बांधताना आठ मीटरचा अखंड गर्डर मिळाला नव्हता तेव्हा जोड मध्यापासून दूर ठेवा, असं त्यांनीच सांगितलं होतं. तेव्हाच्या वजनाला ते बरोबर होतं. ते म्हणाले, "जोडाखाली टेके दे. आधी टेके, मग पोती. आणि टेका वर दाबून बसवू देऊ नकोस हो, नुसता भिडव. मी येतो."

"सर, तुमचे गुडघे..."

"मी येतो म्हटलं ना."

मालकांना पटवायला अर्धा तास गेला. "भिया, ये तो उन्हीं की चिट्ठी है," ते पुन्हा पुन्हा मुकादमाला दाखवत होते. मी एवढंच म्हणाले की ज्यांनी चिठ्ठी दिली तेच आता निघालेत. मग शेजारच्या बांधकामावरून लोखंडी जॅक आले. पाच जोडांखाली पाच, खाली जाड पाट, वरचा स्क्रू हाताने फिरवून नुसता टेकवलेला. त्यानंतर दोघं दोघं वर चढून पोती उतरवू लागले. तिसऱ्या गर्डरवरची पोती निम्मी उतरली असतील, तेव्हा आवाज झाला. मोठा नव्हता. उन्हात तापलेला पत्रा निवताना वाजतो तसा, एकच. सगळे जागच्या जागी थांबले. मी तिसऱ्या जॅकचा पाट पाहिला. त्याच्या कडेला नवी चीर पडली होती. लाकूड दबलं होतं. म्हणजे गर्डर टेक्यावर आला होता, वजन कमी होत असतानासुद्धा.

सर चारच्या सुमारास पुतण्याच्या गाडीतून आले. काठी टेकत थेट तिसऱ्या गर्डरखाली गेले. आम्ही तोवर माळा पूर्ण रिकामा केला होता आणि जोडावरचा रंग खरवडला होता. गर्डरच्या खालच्या पट्टीतून तडा गेला होता, एका कडेपासून निघालेला, अर्ध्याहून जास्त रुंदी कापून थांबलेला. तड्याचा कडेकडचा भाग जुना, गंजलेला. पुढचा थोडा भाग चकाकत होता.

सरांनी त्यावर बोट ठेवलं. कडेपासून टोकापर्यंत हळूहळू फिरवलं.

"वेल्ड आतपर्यंत गेलंच नव्हतं," मी म्हणाले. त्यांना थोडं हलकं वाटावं म्हणून.

"ते वेल्डरचं झालं. मी काय केलं ते सांग."

मी वहीतली आकृती त्यांच्यापुढे धरली.

"मी मध्य पाहिला," ते म्हणाले. "तुम्हा पोरांना वर्षानुवर्षं सांगितलं, आधी शिअर काढा, मध्य गृहीत धरू नका. आणि फोनवर मला वाटलं, एवढं काय त्यात."

बायकांची ताडपत्री तशीच होती, त्यावर दाणे आणि तीन चाळण्या. सर त्या ताडपत्रीकडे पाहत होते.

गर्डर बदलले गेले. पण गोष्ट तिथे संपली नाही. आठवड्याने सरांनी मला धारला बोलावलं. बैठकीत जमिनीवर नकाशांच्या गुंडाळ्या पसरल्या होत्या. "असे जोड मी अजून अकरा ठिकाणी दिलेत," ते म्हणाले. "वजनं तेव्हाची होती. आता तिथे कोणी काय, कुठे रचलंय मला ठाऊक नाही."

पुढचे काही महिने मी सुट्टीच्या दिवशी फिरत राहिले. सर गाडीत बसून असायचे, मी आत जायचे, टेप लावायचे, बाहेर येऊन आकडे सांगायचे. ते वहीत शिअरची रेषा काढायचे, आता दर वेळी. चार ठिकाणी पोती हलवायला लावली. एका ठिकाणी जोड पुन्हा करायला लावला. आणखी पाच ठीक होती. सर त्या काळात खूप कमी बोलायचे. मांडूच्या रस्त्यावर एकदा चहाला थांबलो तेव्हा एवढंच म्हणाले, "गणित चुकलं नव्हतं गं. प्रश्न चुकीचा विचारला होता."

अकरापैकी एका ठिकाणी आम्हाला आत घेतलं नाही. गोदाम विकलं गेलं होतं. नव्या मालकांना सर कोण हे माहीत नव्हतं, आणि ऐकायचंही नव्हतं. मी लेखी पत्र दिलं, तहसीलमध्ये अर्ज दिला, पोच घेतली. दोनदा पुन्हा गेले. दोन्ही वेळा चौकीदाराने फाटकाच्या फटीतून "साब नहीं हैं" सांगितलं.

सर मागच्या हिवाळ्यात गेले. मी कामासाठी त्या रस्त्याने अजून जाते. परवा गेले तेव्हा त्या विकलेल्या गोदामाच्या फाटकाबाहेर दोन ट्रक उभे होते आणि हमाल पोती आत नेत होते. मी गाडी थांबवली. आत माळ्यावर ते कुठे रचत असतील ते रस्त्यावरून दिसत नव्हतं.