रकाने उलटे पडलेली वही

आमच्या नर्सिंगच्या शिक्षणातलं निम्मं शिक्षण म्हणजे एकीची वही दुसरीने उतरवून घेणं. लढाई नुकतीच संपली होती. नगरात कागद मिळायचा नाही, आणि मिळालाच तर असा पिवळा की पेन टेकवलं की शाई पसरायची. इंग्रजी पुस्तक एकच होतं आणि ते वॉर्डाच्या मुख्य सिस्टरच्या कपाटात कुलुपात असायचं. म्हणून आमच्या आधीच्या मुलींनी मराठीत लिहून ठेवलेली वही आम्हाला वेदासारखी. त्या वहीवर माझा अजूनही राग आहे, आणि माझ्यावर त्याहून जास्त.

वहीत थायरॉईडच्या दोन आजारांचा एक तक्ता होता. डावा रकाना 'ग्रंथी जास्त काम करते', उजवा 'ग्रंथी कमी काम करते'. डावीकडची लक्षणं अशी: भूक भरपूर पण वजन उतरतं, घाम, उकाडा सोसत नाही, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळे पुढे येतात. उजवीकडे: अंग सुजट, कातडी कोरडी, केस गळतात, आवाज जाडा, नाडी मंद, मलावरोध, सतत थंडी. तपासण्यांत रोगी उपाशीपोटी स्वस्थ निजला असताना शरीर किती प्राणवायू वापरतं त्याचं मोजमाप, पहिल्यात वाढलेलं, दुसऱ्यात उतरलेलं. रक्तातलं कोलेस्टेरॉल मात्र याच्या उलट. पहिल्यात झोपेतही नाडी वेगवान. हे सगळं बरोबर होतं. पान उलटलं की शुश्रूषा सुरू व्हायची, आणि त्या पानावर वर मथळे नव्हते. डावीकडे लिहिलं होतं: ऊब द्या, जादा पांघरूण, झोपेचं औषध टाळा, अंगाला तेल, घाई करू नका. उजवीकडे: गार आणि शांत जागा, खिडकी उघडी, हलकी चादर, चहा बंद, झोपेसाठी ब्रोमाइड. आम्ही घोकलं. सकाळी घोकलं, जेवताना घोकलं, आणि दोन्ही पानं एकमेकांशी जुळतात का हे एकीनेही पाहिलं नाही.

हिवाळ्यात बेलापूरकडून एक बाई आमच्या वॉर्डात आली. वय चाळिशीच्या आतबाहेर, शेतकरी घरची. बरोबर आलेल्या जावेने दारातच सांगितलं, ही आळशी आहे, दिवसभर बसून असते, कामाला हात लावत नाही. डॉक्टरसाहेबांनी तिचा चेहरा पाहिला, गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय सावकाश परत येताना पाहिला, ग्रंथी कमी काम करते म्हणाले, आणि थायरॉईडच्या गोळ्या लिहिल्या, अगदी थोड्यापासून. जाऊ निघून गेली, पण तिचा 'आळशी' शब्द मात्र वॉर्डात राहिला. सिस्टर तोच वापरायच्या, आम्हीही.

वहीप्रमाणे तिचा पलंग उत्तरेच्या खिडकीशी लावला. नगरचा जानेवारी ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. अंगावर एक चादर. संध्याकाळी ब्रोमाइड, कारण थायरॉईडच्या रोग्यांना ते द्यायचं असा वॉर्डाचा पायंडा होता, डॉक्टरांना विचारण्याचीसुद्धा गरज वाटायची नाही. रोज सकाळी ती मला म्हणायची, "बाई, लई गार वाजतंय, कायतरी घाला अंगावर." आणि मी अठरा वर्षांची शहाणी तिला समजावायची की मावशी, तुमच्या आजाराला गारच चांगलं. घाला पाणी माझ्या शहाणपणावर!

आणखी एक गोष्ट सांगते, ती आठवली की अजूनही डोकं तापतं. आमच्या थर्मामीटरवर आकडे पंचाण्णवपासून सुरू व्हायचे. पारा तिथून हलला नाही तर तक्त्यावर सत्त्याण्णव लिहायचं, अशी रीत होती. जिवंत माणूस एवढा गार नसतो, तुझ्या हाताचा दोष असेल, असं सिस्टर सांगायच्या. त्यामुळे त्या बाईच्या पलंगावरच्या कागदावर रोज सत्त्याण्णवच. डॉक्टर कागद बघायचे आणि पुढे जायचे.

चौथ्या की पाचव्या दिवशी तिला उठवायला गेले, तर ती उठेना. हाका मारल्यावर डोळे उघडले, जाड्या आवाजात काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा डोळे मिटले. पारा हलला नाही. पुन्हा झटकला, पाच मिनिटं ठेवला, तरीही हलला नाही. नाडी शेहेचाळीस. अंग मातीच्या घागरीसारखं गार. मी घाबरून वही उघडली, लक्षणांचं पान उजवीकडून वाचलं, 'सतत थंडी'. पान उलटलं, 'खिडकी उघडी'. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. थंडी वाजणाऱ्या माणसाला खिडकी उघडी कशी? कुणीतरी उतरवून घेताना दुसऱ्या पानावर बाजू बदलली होती, आणि आम्ही सगळ्या मेंढरांनी तीच वाट धरली होती.

मी खिडकी लावली, शेजारच्या रिकाम्या पलंगाची दोन ब्लँकेटं तिच्यावर घातली आणि वही घेऊन सिस्टरकडे गेले. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही. तीन वर्षं मुली याच तक्त्यावर पास झाल्या, तू कोण लागून गेलीस, असं विचारलं. ब्लँकेटं काढायला सांगितलं, आणि कागदावर सत्त्याण्णव लिहायला सांगितलं. मी ब्लँकेटं काढली नाहीत. कागदावर लिहिलं, 'पंचाण्णवच्या खाली. नाडी ४६. जागी होत नाही.' एका बाईचा जीव जातोय आणि इथे पास-नापासचा हिशेब!

फेरीला डॉक्टर आले. सिस्टरनी लगेच सांगितलं, मुलीला पारा वाचता येत नाही. डॉक्टरांनी स्वतः हात बाईच्या पोटावर ठेवला आणि तसाच बराच वेळ ठेवला. मग विचारलं, संध्याकाळी हिला काय देता? मीच सांगितलं, ब्रोमाइड. ते एवढंच म्हणाले, "सिस्टर, ही झोप आजाराची नाही, तुमच्या बाटलीची आहे." ब्रोमाइड बंद झालं. ब्लँकेटं वाढवा, पण अंगाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, तिला चटका कळणार नाही, असं त्यांनी मला बजावलं. गोळी द्यायच्या आधी दर वेळी नाडी मोजायची, छातीत दुखतं का विचारायचं. त्या संध्याकाळी सिस्टरनी मला आठवडाभर बेडपॅन धुवायला लावले, उद्धटपणाबद्दल. मी धुतले, आणि एकेक भांडं आपटून ठेवलं.

वही दुरुस्त करायला मी मैत्रिणींच्या मागे लागले. गेल्या उन्हाळ्यात घोडेगावची एक थरथरणारी, घामाने निथळणारी पोर आली होती, तिला आम्ही ब्लँकेट पांघरवून कोपऱ्यात कोंडलं होतं, हे तेव्हा एकीला आठवलं. ती पोर तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता घरी निघून गेली होती. तिचं पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. त्याच दिवशी आम्ही दुसऱ्या पानाच्या बाजू बदलून वर मथळे लिहिले.

बेलापूरची मावशी महिन्याभरात बसायला लागली. चेहऱ्याची सूज उतरली, आवाज बारीक झाला, आणि ती बोलायला लागल्यावर कळलं की बाई चांगली तिखट आहे. एके सकाळी मी तिच्या पाठीला तेल लावत होते. थट्टेत म्हटलं, मावशी, आता तुम्हाला आळशी कोण म्हणेल? ती हसली नाही.

"पोरी, म्या पहिल्या दिसापास्नं सांगत हुते की गार वाजतंय. जाऊ आळशी म्हनली ते तुमी आइकलं. माझं न्हाई आइकलं."

मी तेल लावत राहिले, कारण तिच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.