शब्दन् शब्द खरा धरला तरी

माझा मामा बेकऱ्यांच्या भट्ट्या बांधायचा. विटांच्या, लाकडावर चालणाऱ्या. आतली वीट वेगळी, ताप सोसणारी, बाहेरची साधी. भट्टी बांधून झाली की लगेच पेटवू द्यायचा नाही. आठ दिवस रोज थोडा थोडा जाळ, आदल्या दिवसापेक्षा जरासा जास्त. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणायचा, "लेकराला पहिल्याच दिवशी डोंगर चढायला लावतोस का?" शेवटच्या दिवशी तळावर चिमूटभर पीठ टाकून आकडे मोजायचा. पीठ कधी तांबूस होतं यावर भट्टी पास की नापास.

माणूस नाकासमोर चालणारा, आणि त्याचा त्याला थोडा गर्वही होता. हे मी भाची म्हणून सांगते. वकील म्हणून सांगायचं ते पुढे येईलच.

एका बेकरीवाल्याने नवं दुकान भाड्याने घेतलं आणि मामाला भट्टीचं काम दिलं. अर्धे पैसे आधी, अर्धे काम झाल्यावर. या धंद्यात असंच चालतं, कारण विटा रोख घ्याव्या लागतात. मामाने विटा आणल्या, पाया घातला, भट्टी कमरेपर्यंत वर आणली. तेवढ्यात बेकरीवाल्याचं आणि जागामालकाचं बिनसलं. बेकरीवाल्याने दोन गल्ल्या सोडून दुसरी जागा धरली आणि मामाला म्हणाला, "तेवढ्याच पैशात आता इकडे बांध."

"आणि त्या विटा? चुन्यात बसलेल्या विटा काय मी दातांनी सोडवू?"

"ते तुझं तू बघ. नाहीतर पैसे परत कर."

दोघेही आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर होते. असं भांडण दिवाणी कोर्टात जातं, आणि तिथे गेलं असतं तर मी आज गप्प बसले असते. पण बेकरीवाल्याच्या वकिलाने त्याला हिशेब सांगितला: दिवाणी दाव्याला वर्षं जातील, कोर्ट फी वेगळी. पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली तर समोरचा आठ दिवसांत पैसे आणून टाकतो. फक्त एक वाक्य घालायचं, की आरोपीचा हेतू सुरुवातीपासूनच फसवण्याचा होता. दिलेला शब्द न पाळणं म्हणजे करारभंग. शब्द देतानाच तो पाळायचा नाही असं मनात असणं म्हणजे फसवणूक. दोन्हींत एवढाच फरक, आणि तो एका वाक्यात पुसता येतो.

चौकीतला साहेब काही राक्षस नव्हता. उलट खुर्ची पुढे केली. "काका, पैसे देऊन टाका, तो तक्रार मागे घेईल. मिटवून टाका ना."

"मी चोर नाही. पैसे दिले तर चोर ठरेन."

"अहो, कुणी ठरवत नाही हो!"

"मग हे काय चाललंय?" मामा म्हणाला.

मामीने मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं. मामाने ते उचलून तिच्या हातात परत दिलं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसा प्रकार. त्याला अटक झाली. जामीन मिळायला तीन दिवस लागले. घरी आला तेव्हा आधी अंघोळ केली, मग मला विचारलं, "मला कुणाला तरी सांगायचंय की मी फसवलं नाही. कुठे सांगायचं?"

"खटल्यात," मी म्हणाले.

तो त्या एका शब्दावर जगला. चार बेकरीवाले साक्ष द्यायला तयार होते. विटांची पावती होती, पैसे हातात पडले त्याच दुपारची. कोर्टात काय बोलायचं ते तो घरात फिरत फिरत पाठ करायचा. काम मात्र गेलं. ज्या धंद्यात अर्धे पैसे आधी द्यायचे, तिथे फसवणुकीच्या आरोपीच्या हातात पैसे कोण ठेवणार? लोक तोंडावर गोड बोलायचे आणि भट्टी दुसऱ्याकडून बांधून घ्यायचे. मामी शेजारच्या शाळेत डबे घासायला जाऊ लागली. त्यावर घरात कुणी बोलत नसे.

दीड वर्षाने आरोपपत्र आलं. वाचून मी अक्षरशः टाळी वाजवली. बेकरीवाल्याने तक्रारीत स्वतःच लिहिलं होतं की भट्टी अर्धी बांधली आणि मग काम बंद केलं. म्हणजे काम सुरू झालं होतं. फसवायचंच असतं तर माणूस कशाला कमरेपर्यंत भट्टी बांधेल? मी मामाला म्हणाले, "खटला नकोच. वरच्या कोर्टात जाऊ, सगळं प्रकरणच रद्द करून घेऊ."

"आणि साक्षीदार?"

"लागणारच नाहीत."

त्याने विटांची पावती घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, "पण निकालात लिहून येईल ना, मी फसवलं नाही म्हणून?"

मला घाई होती. मामीचे हात सोलून निघालेले मी रोज पाहत होते. शिवाय, खरं सांगते, वरच्या कोर्टात माझ्या नावावर एकही निकाल नव्हता. मी म्हणाले, "येईल."

आम्ही जिंकलो. पुढची दोन वर्षं गेली, पण जिंकलो. मी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी गेले. मामाने चष्मा पुसला आणि म्हणाला, "वाच."

मी वाचलं. तक्रारीतला शब्दन् शब्द खरा धरला तरी फसवणुकीचा गुन्हा होत नाही. वाद दिवाणी स्वरूपाचा आहे. कार्यवाही रद्द.

"खरा धरला?" मामा म्हणाला.

"ती पद्धत असते, मामा. साक्षीपुरावा न घेता प्रकरण रद्द करायचं तर तक्रार खरी मानूनच बघतात. मानूनसुद्धा गुन्हा होत नाही, म्हणजे बघ..."

"तक्रारीत लिहिलंय मी पहिल्यापासून लबाड आहे. ते खरं धरलं?"

"नुसतं धरलं. ठरवलं नाही."

"मग खोटं कुठे ठरवलंय?"

कुठेच नव्हतं. बारा पानांत कुठेच नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मामीने हातातला पेढा पुड्यात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामा मला घेऊन बेकरीवाल्याकडे गेला. त्याची बेकरी मस्त चालली होती, भट्टी दुसऱ्या कुणाची. तो गल्ल्यावरून उठला, ओशाळला.

"मामा, तुम्ही लबाड नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. मी अडकलो होतो. वकिलाने लिहिलं, मी सही केली."

"मग एवढंच लिहून दे. एक ओळ."

तो खाली बघू लागला. त्याने लिहिलंही असतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाला, "लिहून नाही देता येणार. आता निकालानंतर परत वकिलाला विचारलं होतं, तुमची माफी मागू का म्हणून. असं काही लिहिलं तर खोटी तक्रार केली म्हणून माझ्यावरच उलटेल, म्हणाला."

मामाने त्याच्याशी वाद घातला नाही. आम्ही बाहेर आलो. रस्त्यात त्याने मला विचारलं, "तू त्याची वकील असतीस तर काय सांगितलं असतंस?"

एकदा खोटं बोलून झालं होतं. दुसऱ्यांदा जमलं नाही.

"हेच. लिहून देऊ नका."

त्याने मान हलवली. "म्हणजे वकील त्याने चांगला गाठला," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी न थांबता रस्ता ओलांडून गेला.