श्रीपतीची दहा महिन्यांची कॅसेट

श्रीपती माझं सर्वांत वाईट गिऱ्हाईक होता. केबिन रोडवर माझं व्हिडिओ गेमच्या कॅसेटींचं दुकान होतं, त्र्याण्णव ते नव्व्याण्णव. जुनी कॅसेट आणा, वर वीस रुपये द्या, दुसरी घेऊन जा. माणूस आठवड्यात कंटाळला तर माझं घर चालायचं. श्रीपती कंटाळायचाच नाही.

तो परभणीकडचा, नवघरात एका खोलीत राहायचा, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होता. मूलबाळ नव्हतं. तो आणि त्याची बायको वैजयंता, दोघंही चाळिशीचे, आणि दोघांना टीव्ही गेमचं वेड. बोनसमधले दोनशे रुपये वर्षभराच्या खेळाचे. त्याच्या वर एक पैसा नाही.

पहिल्या वर्षी त्यानं माझ्याकडून 'शंभर गेम'ची कॅसेट नेली आणि चौथ्या दिवशी परत आला. "शेठ, यात सातच गेम हायेत. बाकीचे तेच, मधूनच चालू होतात." खरंच होतं ते. पण असं दुकानात मोठ्यानं बोलायचं असतं का?

मग तो शहाणा झाला. मे महिन्यात, भाव चढलेले असताना, यायचाच नाही. शाळा उघडल्या की पोरांचे आईबाप कॅसेटी विकून टाकायचे, तेव्हा हा जूनमध्ये हजर. मारामारीचे, गाड्यांचे गेम बघायचाही नाही. दोन तासांत संपतात म्हणे. पंचाण्णव साली त्यानं दीडशेला एक जपानी कॅसेट उचलली. राजा, गावं, राक्षस असला लांबलचक गेम होता, पण सगळी अक्षरं जपानी, म्हणून वर्षभर धूळ खात पडली होती. मी मनात हसलो.

नवरा-बायकोनं त्यासाठी एक वही केली. कुठलं चिन्ह दाबलं की काय होतं, ते वैजयंता रांगोळीसारखं काढून ठेवायची. तो कामावर गेला की दुपारी ती बारक्या राक्षसांशी लढून गेममधल्या गड्याची ताकद वाढवायची, संध्याकाळी तो त्याच ताकदीवर पुढच्या गावात शिरायचा. त्या कॅसेटीत घड्याळासारखा चपटा सेल होता, त्यावर खेळ जिथल्या तिथे जपला जायचा. फक्त बंद करताना रिसेटचं बटण दाबून धरायचं आणि मग स्विच खाली करायचा, नाहीतर सगळं पुसलं जाण्याची भीती. हे मीच त्यांना शिकवलं होतं.

दहा महिने! दहा महिन्यांत हा माणूस एकदाही बदलायला आला नाही. यायचा तो गप्पा मारायला, आणि माझ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "शंभरवाली घेऊ नका, एकच लांब घ्या. मेमध्ये तर घेऊच नका." एका शनिवारी तीन जण त्याचं ऐकून रिकाम्या हातानं गेले. माझं डोकं फिरलं.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं ती कॅसेट काउंटरवर ठेवली. "यतीनशेठ, कधी कधी चित्र येत नाही. साफ करून द्या. उद्या रविवार, शेवटचा राक्षस राहिलाय. दोघं मिळून मारणार." चेहरा असा फुलला होता, की मला ते बघवेना.

कॅसेटीच्या तोंडाची पट्टी खोडरबरानं घासायची, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, उद्या सकाळी न्या. तो गेल्यावर कॅसेट उघडली. गेममधून खेळ पुसायचा तर ती अक्षरं मला वाचता येत नव्हती, म्हणून सेलच सोडवला, चहा पिऊन आलो आणि सोल्डरचा डाग देऊन तो पुन्हा बसवला. पट्टीही घासली. काम म्हणजे काम.

रविवारी संध्याकाळी तो कॅसेट घेऊन आला. "शेठ, सगळं कोरं झालं. पहिल्यापासून."

"शेवटी बंद कुणी केलं होतं?"

"काल दुपारी... हिनं."

"मग रिसेट धरलं नसेल," मी म्हटलं. हे वाक्य मी आधीच तयार ठेवलं होतं, आणि ते बोलताना मला मजा वाटली. खोटं कशाला सांगू?

मंगळवारी वैजयंता एकटी आली. दुकानात कुणी नव्हतं. गाल सुजला होता. "भाऊ, मी रिसेट धरलं होतं. दर खेपेला धरते. ते माझ्याशी बोलना झालेत. तुम्ही एवढं सांगा त्यांना, की हे आपोआपबी होतं."

एका वाक्याचं काम होतं. पण कॅसेटी आपोआप पुसतात असं कळल्यावर माझ्या दुकानात कोण आलं असतं?

"वहिनी, नसेल धरलं एखाद्या वेळी. माणूस आहे."

तिनं पदर गालावर ओढला. मग म्हणाली, "असंल. माझंच चुकलं असंल." आणि जाताना मला नमस्कार करून गेली.

पुढच्या वर्षी श्रीपती मे महिन्यात आला. शंभरवाली मागितली, लावूनही बघितली नाही. मी सवयीनं विचारलं, खेळायचे रिमोट दोन देऊ ना? "एकच द्या," तो म्हणाला, "घरात दुसरं कुणी खेळत नाही." मी मेचा भाव लावला आणि त्यानं तो मुकाट्यानं दिला.