फोन ठेवल्यावर मावशीचा मेल

मावशी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, त्यामुळे फोनवरच्या शब्दाची किंमत तिला चांगलीच ठाऊक. "उचलली जीभ, लावली टाळ्याला," म्हणायची. म्हणून कुठल्याही कंपनीशी बोलणं झालं की लगेच मेल टाकायची: आज इतक्या वाजता अमक्याशी बोलले, त्यांनी हे हे कबूल केलं, माझ्या समजण्यात चूक असेल तर दोन दिवसांत कळवा. मी तिचा भाचा, तिच्याच घरात राहून तिलाच हसणारा. "फ्रिजवाल्याला कोर्टात खेचणार का गं?" असं विचारायचो.

तिची धाकटी बहीण, माझी दुसरी मावशी, समुद्रापलीकडे. एकोणीस वर्षं दोघी फक्त फोनवर भेटत होत्या. एकीचे गुडघे, दुसरीच्या नवऱ्याचं आजारपण, काही ना काही आडवं यायचंच. "आधी आवाज ऐकला की चेहरा दिसायचा. आता दिसत नाही रे," मावशी एकदा म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

मग धाकटीचं दुखणं बळावलं. डॉक्टरांनी महिनाभराची मुदत सांगितली. मावशीचं तिकीट काढलं, तर आदल्या दिवशी विमानच रद्द. कंपनीच्या एजंटने फोनवर गोड आवाजात सांगितलं, पुढच्या शुक्रवारची जागा पक्की, व्हीलचेअरही मिळेल. मावशीने फोन ठेवला, चष्मा लावला आणि मेल लिहिला. एजंटचं नाव, वेळ, बुकिंग नंबर, दोन्ही आश्वासनं, सगळं त्यात. तक्रार नंबरासह पोच आली, बाकी उत्तर नाही.

शुक्रवारी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, तुमचं नाव वेटिंगवर आहे. पुढच्या आठवड्यात बघू."

मी तडकलो. आवाज चढवला, उपयोग शून्य.

"फोनवर कोण काय बोललं, ते आम्हाला कसं कळणार?" मुलगी म्हणाली.

मावशीने मेलचा छापील कागद पुढे सरकवला. सुपरवायझर आला, त्याने पोचेचा नंबर टाकला. मेल त्यांच्याच नोंदीत होता.

"वेळ लिहिली आहे, रेकॉर्डिंग काढून बघा," मावशी म्हणाली. "आणि चूक असती तर तुम्ही कळवलं असतं ना? सात दिवस झाले."

त्याने आत कुठेतरी फोन केला, ऐकत राहिला. वीस मिनिटांनी बोर्डिंग पास हातात आला. मी आपला बॅगा उचलायला लागलो.

व्हीलचेअर येईपर्यंत "फोन बंद करून दे," म्हणून तिने तो माझ्याकडे दिला. मेल उघडाच होता, धाकटीला लिहिलेला.

"आजच्या फोनवर तू कबूल केलंस की मी येईपर्यंत थांबशील. माझ्या समजण्यात चूक असेल तर दोन दिवसांत कळव."

खाली उत्तर होतं. "चूक नाही, ताई. पण लवकर ये."

धाकटी शब्दाला जागली. मावशी पोचल्यावर आणखी नऊ दिवस होती.